चारशे बोलणी

रजिस्टरमध्ये अकराशेच्या वर नावं होती. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या ‘किसान’ कृषी प्रदर्शनातून माझा मामेभाऊ पहिल्यांदा परत आला, तेव्हा ते लांबडं रजिस्टर त्याने देवापुढे ठेवलं होतं, इतका खूश. त्याचा तासगावच्या बाजूला छोटा कारखाना आहे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत ट्रॅक्टरच्या मागे लावून औषध फवारायचे ब्लोअर तो बनवतो. जानेवारीत त्याने दोन पोरांना फोनवर बसवलं. “कुठला स्टॉल? पिशव्या वाटत होता तो का?” हे वाक्य पोरांनी इतक्यांदा ऐकलं की चौथ्या दिवशी ती फोन उचलायला तयार होईनात. नावांत कापूसवाले होते, ऊसवाले होते, कृषी महाविद्यालयाची मुलं होती, एकाच जीपमधून आलेली एकाच गावची नऊ माणसं होती. द्राक्षवाले किती, हे कळायला मार्गच नव्हता. रजिस्टरला रकाने तीनच होते: नाव, गाव आणि मोबाइल.

लघुउद्योगांची माहितीपत्रकं, बोर्ड, स्टॉल ही माझी रोजीरोटी; पण घरच्या माणसाने आधी विचारावं अशी आपल्याकडे पद्धत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र तो आला आणि म्हणाला, “दादा, अवंदा तू बस माझ्यासंगं.”

आम्ही कागदावर पहिला हिशेब मांडला तो पैशांचा नव्हता, बोलण्यांचा होता. प्रदर्शन बुधवार ते रविवार, पाच दिवस. दिवसाचे आठ तास धरले, तरी सुरुवातीचा तासभर आणि शेवटचा तासभर तुरळक माणूस असतं. कामाचे तास सहाच. नऊ चौरस मीटरच्या स्टॉलमध्ये मशीन ठेवल्यावर एका वेळी दोनच माणसं दोन गिऱ्हाइकांशी नीट बोलू शकतात. ब्लोअर ही काही पेनासारखी वस्तू नाही. बाग किती, ओळीतलं अंतर किती, ट्रॅक्टर कुठला, हे विचारून उत्तर द्यायला आणि ते लिहून घ्यायला आठ-नऊ मिनिटं जातात. म्हणजे तासाला एका माणसाची सात बोलणी. दोघांची चौदा, दिवसाची चौऱ्याऐंशी, पाच दिवसांची चारशेवीस. पाणी प्यायला आणि बाकी अडचणींना वीस सोडले, तर चारशे.

मैदानावर कितीही माणूस येवो, आपला स्टॉल चारशेच बोलणी करू शकतो. त्यातलं एक बोलणं कापूसवाल्याशी झालं की द्राक्षवाल्याचं एक कमी झालं. हे एकदा पटलं की बोर्डावर काय लिहायचं, कोणी किती वेळ उभं राहायचं, चिठ्ठीवर काय विचारायचं आणि हातात काय द्यायचं, हे चारही प्रश्न एकाच प्रश्नात येऊन मिळतात: नको ती माणसं आपण होऊन पुढे कशी जातील? बहुतेक स्टॉलवाले याच्या बरोबर उलट विचार करतात. गर्दी जमली की स्टॉल चालला, असं त्यांना वाटतं. जत्रेतल्या पाळण्यासाठी ते खरंही असेल.

आता बोर्ड. तयार स्टॉल घेतला की ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनेल मिळतात. साधारण एक मीटर रुंद आणि आठ फूट उंच. तीन मागे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. सोबत एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे, एक प्लग. दर्शनी बाजूला वर एक आडवी पट्टी असते, तिला फॅशिया म्हणतात. त्यावर आपण फॉर्ममध्ये जे नाव लिहून देतो तेच जसंच्या तसं उमटतं. पहिल्या वर्षी भावाने तिथे कंपनीचं पूर्ण नाव दिलं होतं, ‘ॲग्रो इंडस्ट्रीज’सकट, आणि तेही फॉर्म भरताना एक इंग्रजी अक्षर चुकवून. पाच दिवस ती चूक डोक्यावर घेऊन तो उभा होता. पण खरी अडचण स्पेलिंगची नव्हती. त्या नावावरून आत पंप आहे, खत आहे की बी-बियाणं, हे कोणालाच कळत नव्हतं.

फॅशिया आपल्या हातात फारशी नसते, म्हणून काम मागच्या भिंतीवर करायचं. तिथे लोक एक सरसकट चूक करतात: आठ फुटांच्या भिंतीला आठ फुटांचा फ्लेक्स लावतात आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ बरोबर मध्यावर टाकतात. स्टॉलमध्ये चार माणसं उभी राहिली की साडेपाच फुटांखालचं सगळं झाकलं जातं. खालचे अडीच फूट तर टेबल आणि मशीन आधीच खातात. वाटेवरून चालणाऱ्याला दिसतो तो वरचा दोन-अडीच फुटांचा पट्टा. सगळं सांगायचं ते तिथे.

त्यातही वेळ फार थोडा असतो. रमतगमत चालणारा माणूस दहा फुटांचा स्टॉल तीन-चार सेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात सात-आठ शब्द वाचून होतात, त्याहून जास्त नाही. अक्षर किती मोठं असावं याचा एक जुना ठोकताळा पेंटर मंडळी वापरतात: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर एक इंच उंचीचं अक्षर. हा हिशेब इंग्रजी मोठ्या लिपीचा. आपल्या लिपीत वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षरात दोन व्यंजनं एका घरात दाटीने राहतात. म्हणून मी देवनागरीला दीडपट धरतो आणि दोन ओळींमध्ये जागा सढळ हाताने सोडतो. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. पंचवीस फुटांवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून तळापर्यंत चार इंच. चार इंचांच्या अक्षरात दहा फुटांत किती मावतं, हे मोजून बघितलं की वाक्यं आपोआप लहान होतात.

भावाचं पहिलं वाक्य होतं ‘शेतकऱ्यांच्या विश्वासाला पात्र ठरलेले एकमेव नाव’. मी विचारलं, यातून द्राक्षवाल्याला काय कळलं? मग बरीच खाडाखोड करून दोन ओळी राहिल्या:

द्राक्ष-डाळिंबाचा ब्लोअर
२४ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला चालतो

पहिल्या ओळीने ऊसवाला, कापूसवाला, कांदेवाला पुढे गेला. त्याचा वेळ वाचला, आपलाही. दुसरी ओळ जास्त कामाची ठरली. द्राक्षबागेत ओळींमधून फिरायला लहान ट्रॅक्टर लागतो, आणि बागायतदाराच्या मनातला पहिला प्रश्न असतो तो ‘माझा ट्रॅक्टर हे ओढेल का’. ज्याच्याकडे तसा ट्रॅक्टर आहे तो ती ओळ वाचून थांबतो. थांबतो म्हणजे तोंडाने विचारण्याआधीच अर्धं बोलणं झालेलं असतं.

किंमत लिहायची का, यावर आमचं भांडण झालं. भाऊ म्हणे, किंमत बघून माणूस आतच येणार नाही. मी म्हणालो, तेच तर पाहिजे. शेवटी डोळ्यांच्या उंचीवर, बाजूच्या भिंतीवर एक लहान तक्ता लावला. तो तीन फुटांवरून वाचायचा, म्हणून अक्षर पाऊण इंचाचं. त्यात लोक सगळ्यात जास्त विचारतात त्या चार गोष्टी: टाकी किती लिटरची, सर्वांत लहान मॉडेलची किंमत कितीपासून, अनुदान मिळतं का, आणि बिघडल्यावर मिस्त्री कुठून येणार. चौथ्या ओळीत गावांची नावं टाकली. “आमची सर्व्हिस उत्तम आहे” हे वाक्य सगळ्यांच्याच तक्त्यावर असतं. ‘तासगाव, पंढरपूर, पिंपळगाव बसवंत’ असं लिहिलं की निफाडचा माणूस मान डोलावतो. मात्र ज्या गावी माणूस खरोखर बसवलेला नाही, ते नाव तिथे घालू नये. सीझनला त्याचाच फोन पहिला येतो.

अनुदानाची ओळ लिहिताना जपावं लागतं. राज्यात यंत्रांच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा असतो आणि निवड झाल्यावर पूर्वसंमती येईपर्यंत यंत्र विकत घ्यायचं नसतं. आधी घेतलं तर अनुदान हुकतं. म्हणून ‘अनुदान उपलब्ध’ असं ठोकून देणारा बोर्ड गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालू शकतो. आम्ही लिहिलं: ‘पूर्वसंमती पत्र आलं असेल तर दाखवा, पुढचं सांगतो.’ या एका ओळीने खरोखर खरेदीच्या दारात उभी असलेली माणसं खिशातून मोबाइल काढून पत्र दाखवू लागली.

बोर्ड छापताना एक विघ्न हमखास येतं, ते सांगून ठेवतो. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर टाइप करून फ्लेक्सवाल्याला पाठवतो. त्याच्याकडे जुना प्रोग्राम किंवा जुना फॉन्ट असला की वेलांटी पुढच्या अक्षरावर उडी मारते, ‘र्‍या’चा ‘रया’ होतो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. तो म्हणतो “बरोबर दिसतंय,” कारण त्याने सकाळपासून पन्नास वाढदिवसांचे फ्लेक्स केलेले असतात. उपाय सोपा आहे. मजकूर नीट बसवलेली फाइल आपण स्वतः बनवून घ्यायची, अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून द्यायचं म्हणजे त्याच्या मशीनला फॉन्ट लागतच नाही, आणि छापण्याआधी त्याच्या पडद्याचा फोटो मागवून तो आपण न वाचता घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावायचा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

माणसांच्या पाळ्या हा विषय ऐकायला सोपा वाटतो. पहिल्या वर्षी भाऊ, त्याचा मिस्त्री आणि भाचा असे तिघं पाचही दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे होते. मोशीला डिसेंबरात सकाळी थंडी, दुपारी ऊन आणि हजारो पायांनी उडवलेली धूळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांचे घसे बसले. तिसऱ्या दिवसापासून तिघंही खुर्च्यांवर. आणि खुर्चीवर बसून मोबाइल बघणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला कोणी आत येत नाही, हे सांगायला मी कशाला हवा.

या वेळी चौघं होते: भाऊ, मिस्त्री, भाचा आणि पाच दिवसांसाठी रोजावर घेतलेली भोसरीची एक पदवीधर मुलगी. गर्दी कधी असते हे आधी मांडलं. बागायतदार पुण्यात मुक्कामी क्वचित येतो. पहाटे नाशिककडून किंवा सांगलीकडून गाडी करून निघतो, दहा-अकराला पोचतो आणि संध्याकाळी परत फिरतो, कारण ऑक्टोबर छाटणीनंतरचे हे दिवस फवारणीचे; बाग मोकळी सोडून राहता येत नाही. म्हणजे खरं गिऱ्हाईक अकरा ते तीन. नेमकी जेवणाची वेळ. पहिल्या वर्षी दीड वाजता तिघंही डबा सोडून टेबलामागे बसलेले होते. त्या अर्ध्या तासात किती द्राक्षवाले पुढे गेले असतील कोण जाणे.

मग असं ठरवलं: नऊ ते अकरा दोघं, अकरा ते तीन तिघं, तीन ते पाच पुन्हा दोघं. बेरीज वीस तास, माणसं चार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच तास उभं राहणं. एका दमात दोन तासांपेक्षा जास्त कोणी नाही. जेवण अकराच्या आत किंवा तीननंतर, आणि स्टॉलमध्ये अजिबात नाही. तिघं असतील तेव्हा दोघं बोलणार आणि तिसरा फक्त लिहिणार. या तिसऱ्या माणसाने फार फरक पडला. बोलणाऱ्याला पेन उचलावं लागलं नाही, त्यामुळे त्याची नजर गिऱ्हाइकावर राहिली.

कोण कधी, हेही नीट बघितलं. मिस्त्री बोलायला रांगडा, पण नोझल हातात घेतलं की शेतकरी त्याच्याभोवती कोंडाळं करतात. तो अकरा ते एक आणि दोन ते तीन. भाऊ मालक म्हणून सगळ्यांना हवा असतो, आणि तीच भीती. ओळखीचा एक भेटला की अर्धा तास ‘पाहुणं कसं हाय’ चालतं. त्याला सांगितलं, पाहुणे आले की चहाला बाहेर घेऊन जा, स्टॉलमध्ये थांबवू नकोस. चहाच्या त्या वेळात त्याची पाळी नसेल असा तक्ता आधीच केलेला. शनिवार-रविवारी घरदार घेऊन, बघायला म्हणून आलेली गर्दी वाढते, त्यामुळे ते दोन दिवस मुलगी दर्शनी बाजूला उभी. तिचं काम एकच प्रश्न विचारायचं: “दादा, बाग कशाची हाय?” द्राक्ष किंवा डाळिंब म्हटलं की आत, बाकीच्यांना हसून माहितीपत्रक. टेबल तेवढं तोंडावरून काढून कोपऱ्यात सरकवलं होतं. टेबल तोंडाशी आडवं लावलं की तो सरकारी कचेरीचा काउंटर होतो.

आता ती चिठ्ठी. रजिस्टर बाद केलं, कारण रजिस्टरमध्ये माणूस स्वतः लिहितो आणि घाईत लिहितो; सातचा एक होतो, गाव वाचता येत नाही, आणि मागचा माणूस पुढच्याची नावं वाचत उभा राहतो. त्याऐवजी हातात मावेल अशा कार्बनच्या चिठ्ठ्यांची पुस्तकं छापली. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्याकडे. लिहिणारा आपला माणूस. प्रश्न सहा: नाव आणि गाव-तालुका, मोबाइल, पीक आणि एकर, ट्रॅक्टर कुठला, महाडीबीटीवर अर्ज केलाय का आणि पूर्वसंमती आलीय का, आणि कधी घ्यायचाय. शेवटच्या प्रश्नाला कोणी तारीख सांगत नाही, म्हणून तिथे शेतीचंच वेळापत्रक टाकलं: आत्ता, एप्रिल छाटणीच्या आधी, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, नुसतं बघतोय. यावर बागायतदार बिनदिक्कत खूण करायला सांगतो. कोपऱ्यात एक मोकळा चौकोन, तो फक्त आपल्यासाठी. बोलणं संपल्यावर, माणूस गेल्यावर त्यात एक, दोन किंवा तीन लिहायचं. एक म्हणजे आठवड्यात मिस्त्री पाठवायचा, दोन म्हणजे छाटणीच्या महिनाभर आधी फोन, तीन म्हणजे माहितीपत्रकावर सोडून द्यायचं. हा आकडा त्याच क्षणी लिहिला तर खरा असतो. संध्याकाळी लिहायला बसलं की सगळेच दोन होतात.

मोबाइल नंबर तिथल्या तिथे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्या नंबरवर एक मिस्ड कॉल. समोरच्याच्या खिशात रिंग वाजली की नंबर खरा, आणि आपला नंबरही त्याच्या मोबाइलमध्ये गेला. पण मोठ्या गर्दीत नेटवर्क दमतं, दुपारी बारानंतर कॉल लागतोच असं नाही. तेव्हा नंबर उलट वाचून दाखवायचा. क्यूआर कोडवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांची गंमत याच वेळी होते. आम्हीही एक लावला होता. तो स्कॅन केला की आमच्या व्हॉट्सॲपवर `https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BLOWER` अशा पत्त्याने थेट संदेशाची खिडकी उघडायची, X च्या जागी आपला दहा आकडी नंबर. चांगली सोय आहे, विशेषतः तरुण मुलांसाठी. कोड छातीच्या उंचीवर आणि निदान तळहाताएवढा हवा, फ्लेक्सच्या तळाशी बोटाएवढा नको. पण चिठ्ठीच्या जागी तो चालत नाही. त्याच्यातून नंबर कळतो, एकर कळत नाहीत.

चिठ्ठीवर एक ओळ आणखी होती: ‘या नंबरवर आमचा फोन आलेला चालेल: हो / नाही.’ वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आहे, माहिती कशासाठी घेतो ते सांगून आणि संमतीने घ्यावी हा त्याचा गाभा आहे. त्याहून साधं कारण म्हणजे ज्याने ‘नाही’ म्हटलं त्याला फोन करून काय मिळणार आहे?

रोज संध्याकाळी भाचा सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून गावाकडे बहिणीला पाठवायचा, ती रात्री त्या तक्त्यात भरायची. चिठ्ठ्यांची पिशवी गाडीत विसरणं, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं की काल ‘एक’ किती निघाले. गुरुवारच्या चिठ्ठ्यांत ट्रॅक्टरचा रकाना सतत रिकामा दिसला, तेव्हा लक्षात आलं की लिहिणारा तो प्रश्नच गाळतोय. शुक्रवारी दुरुस्त झालं. प्रदर्शन संपल्यावर कळलं असतं तर उपयोग शून्य.

राहिल्या भेटवस्तू. पहिल्या वर्षीच्या पिशव्यांची कथा सांगितलीच. फुकट पिशवी दिसली की अशी माणसं येतात ज्यांना फक्त पिशवी हवी असते, आणि त्यात काही गैर नाही, प्रदर्शनभर कागद गोळा करत हिंडणाऱ्याला पिशवी लागतेच. पण त्यांची रांग स्टॉलच्या तोंडावर उभी राहते आणि द्राक्षवाला तिच्यामागून निघून जातो. पेन, किचेन, कॅलेंडर यांचंही तेच. वस्तू कोणालाही उपयोगी असेल तर ती कोणालाही बोलावते. म्हणून असं काही द्यावं जे फक्त आपल्या गिऱ्हाइकाच्या कामाचं आहे.

भावाला ते पुष्कळ दिवस सुचेना. मग मिस्त्रीच म्हणाला, “पिवळे कागद द्या की.” फवारणीच्या चाचणीसाठी एक खास कागद मिळतो, पिवळा, काडेपेटीहून थोडा लांबट. त्यावर पाण्याचा थेंब पडला की तेवढी जागा निळी होते. बागेत पानांच्या मध्ये दोन-तीन ठिकाणी टाचून ठेवायचा, नुसत्या पाण्याने ब्लोअर चालवायचा, आणि काढून बघायचं. निळे ठिपके सगळीकडे सारखे पडलेत की वरच्या पानांवर चिखल आणि आतल्या घडांवर कोरडं, हे कोणीही सांगू शकतं. बागायतदार औषधावर एवढा खर्च करतो, पण औषध पानाच्या खालच्या बाजूला पोचतं का, हे त्याने डोळ्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

हा कागद महाग पडतो आणि जपावा लागतो. घामाचं बोट लागलं तरी निळा होतो, दमट हवेतही हळूहळू डाग पडतात. त्यामुळे वाटायला ढीग मांडून ठेवायचा प्रश्नच नव्हता. प्लास्टिकच्या झिपच्या पाकिटात तीन कागद, दोन स्टेपलरच्या पिना, एक चिठ्ठी: कोरड्या हाताने धरा, एक वरच्या पानाच्या पाठीवर, एक मध्ये घडाजवळ, एक खालच्या पानाच्या पोटाला लावा, वाळल्यावर फोटो आम्हाला पाठवा. अशी दीडशे पाकिटं केली, चारशे नाही. चिठ्ठीवर ‘एक’ किंवा ‘दोन’ आला त्यालाच पाकीट, तेही बोलणं संपताना, कार्बन प्रतीसोबत. बाकीच्यांना नुसतं माहितीपत्रक, एका पानाचं, कारण जाड पुस्तिका प्रदर्शनाच्या फाटकापर्यंतही पोचत नाहीत.

रविवारी पाचनंतर पॅनेल उतरवणारे मजूर आले तेव्हा भाचा मोजत बसला होता. तीनशेअठ्ठ्याऐंशी चिठ्ठ्या. भाऊ थोडा हिरमुसला. गेल्या वर्षी अकराशे होती ना. मी त्याला चौकोनातले आकडे वेगळे काढायला लावले: ‘एक’ सव्वीस, ‘दोन’ एकशेसात, बाकी ‘तीन’. सोमवारी सकाळी फोन सुरू झाले ते फक्त सव्वीस जणांना, आणि समोरच्याला स्टॉल आठवत होता, कारण त्याच्या हातात आपल्याच अक्षरातली प्रत होती.

एकशेसात जणांचे फोन छाटणीच्या महिनाभर आधी करायचे होते. त्याआधीच फेब्रुवारीत पळशीच्या एका बागायतदाराने तीन कागदांचा फोटो पाठवला. वरचा पूर्ण निळा, मधला ठिपक्यांचा, खालचा बराचसा पिवळाच. खाली लिहिलं होतं, “हे आमच्या सध्याच्या ब्लोअरचं. मिस्त्रीला पाठवा.”

मिस्त्री गेला. नोझलची तोंडं खालच्या बाजूला चुकीच्या कोनात होती आणि दोन झिजलेली होती. त्याने ती बदलली, कोन सरळ केले आणि परत आला. ब्लोअर विकला गेला नाही. भावाने ती चिठ्ठी ‘दोन’मधून काढून ‘एक’च्या गठ्ठ्यात ठेवली.